मधला काटा

वीजबिलाच्या कचेरीत ती दिवसभर एकटीच लोकांनी पाठवलेले मीटरचे फोटो तपासत बसायची. काट्यांचं जुनं मीटर असलेले एक आजोबा फोटोखाली दर महिन्याला चुकीचा आकडा लिहायचे. मग ती फोन करून समजवायची, "आजोबा, काटा दोन आकड्यांच्या मध्ये असला की नुकताच मागे टाकलेला आकडा घ्यायचा." पुढे गप्पा रंगायच्या. तिच्याशी तरी दुसरं कोण बोलत होतं?

या महिन्यात आजोबांकडे डिजिटल मीटर बसलं. आता कसली चूक नि कसला फोन, या विचाराने तिने हिरमुसून फोटो उघडला. मीटरवर शेवटी ठसठशीत सात होता, आणि म्हाताऱ्याने खाली खुशाल आठ लिहिला होता.

तिने फोन लावला. "आजोबा, काटा दोन आकड्यांच्या मध्ये असला की..."

"हो गं पोरी," ते म्हणाले, "सावकाश सांग."