अण्णांची लवणारी पापणी

गुरुलिंगअण्णा अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लिलाव पुकारतात. माझ्या तुरीच्या ढिगापाशी त्यांनी राजशेखर व्यापाऱ्याला डोळा मारला, हे मी स्वतः पाहिलं. दुसरा व्यापारी बोली वाढवायला तोंड उघडतोय, तेवढ्यात अण्णांनी "एक-दोन-तीन" उरकून ढीग राजशेखरच्या नावावर केला. मी तिथंच आवाज चढवला.

"सिंधुबाई, लाज वाटू द्या," अण्णा म्हणाले. "आठवडा झाला, पापणी लवून राहिली. मुद्दाम करतो का मी?"

लगेच चार माणसं त्यांच्या बाजूनं. माझा नवरा ग्यानोबासुद्धा म्हणे, जाऊ दे, सोयऱ्यातला माणूस. जाऊ का द्यायचं? मी म्हटलं, लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा, मी सोबत येते. खरं निघालं तर सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते. खोटं निघालं तर पुकारा सोडायचा. अण्णा इतक्या सहज तयार झाले की मलाच धाकधूक लागली.

डॉक्टर सदफ यांनी भिंगातून पाहिलं. "लवतेय खरी. उजवी, खालची पापणी."

अण्णा माझ्याकडे बघून हसले. आता मोंढ्यात बाईमाणसाचा शब्द कोण ऐकणार?

"चहा किती? झोप?"

"चहाला गिनती न्हाई. हंगामात झोप कुठली?"

"मग तेच. ताण, जागरण, चहा. कमी करा, काही दिवसांत थांबेल. कधी काही आठवडे लागतात."

"मॅडम, यानं पुरा डोळा मिटतो का?" मी विचारलं.

"नाही. ही नुसती बारीक थरथर. त्यांना फार जाणवते, समोरच्याला मात्र जवळ वाकल्याशिवाय दिसतही नाही."

अण्णा घाईनं म्हणाले, "न्हाई मॅडम, माझा पुरा मिटतो. आपोआप."

डॉक्टर गंभीर झाल्या. "सोबत गाल, तोंड ओढलं जातं?"

"न्हाई."

"मग दोन्ही डोळे एकदम मिटतात? उन्हात जास्त? चालताना पुढचं दिसेनासं होतं?"

"हाव, हाव! दोन्ही!"

"तो ब्लेफरोस्पाझम असू शकतो. त्याला पापणीभोवती इंजेक्शनं द्यावी लागतात, दर तीन-चार महिन्यांनी." त्यांनी अण्णांना डोळे घट्ट मिटून झटकन उघडायला लावले, पुन्हा पुन्हा. मग डोळ्यांवर बॅटरी मारली. डोळे दर वेळी लख्ख उघडे. "तशी काही खूण दिसत नाही. घाबरू नका."

"आन् अण्णा," मी म्हटलं, "मोंढ्यात तर एकच मिटला होता."

अण्णांचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकं बरं वाटलं की तुरीचंही दुःख विसरले.

ते खुर्चीवरून पुढं सरकले. "मॅडम, तरी कागदावर ते दुसरंच नाव लिहा ना."

डॉक्टरांचा पेन थांबला.

"नगा लिहू, मॅडम," मी म्हटलं. "उद्यापासून अण्णांना झोपच झोप हाय."