घरच्या पोरीचा आढावा

क्रांतीचं पत्र आकारामांनी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ते पहिल्या ओळीलाच अडकले. 'माननीय व्यवस्थापक साहेब' असं लिहिलं होतं. आता सांगा, जी पोर नात्याची नसूनही तीन वर्षं रोज सकाळी केबिनमध्ये डोकावून 'मामा, नाष्टा झाला का' विचारते, तिनं एकदम साहेब म्हणावं? माणसाला लागणारच की.

पुढचा मजकूर तर त्याहून वाईट होता. आकाराम मॅनेजर होते त्या शिरोलीच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्रांती वाळू आणि लोखंड तपासायच्या लॅबची प्रमुख. जयसिंगपूरहून एसटीनं यायची, पण कधी उशीर नाही. तिनं लिहिलं होतं की नेमणूक पत्राप्रमाणं दरवर्षी पगारवाढ हा तिचा हक्क आहे. तीन वर्षं ती मिळालेली नाही. चाकणच्या कंपनीचं नोकरीचं पत्र तिच्या हातात आहे; महिनाअखेरपर्यंत वाढ मिळाली नाही, तर हा कागदच तिचा राजीनामा समजावा.

क्रांती जाणार, एवढंच आकारामांच्या डोक्यात राहिलं. ते तडक उठले आणि कंपनीचं कामगार कायद्याचं काम बघणाऱ्या तात्यासो वकिलांकडं शाहूपुरीत गेले. जाताना क्रांतीची फाईल काखेत घेतली. वाढीचा हक्क खरा ठरला तर मालक अमरसिंह आपल्यालाच धारेवर धरणार, ही धाकधूक होतीच. पण खरं सांगायचं तर भीती वेगळीच होती. पोर जाईल, ही.

तात्यासोंनी चष्मा पुसला, नेमणूक पत्र काढलं आणि एक ओळ मोठ्यानं वाचली. "पगाराचा दरवर्षी एप्रिलमध्ये आढावा घेतला जाईल. वाढ द्यायची की नाही आणि किती द्यायची, हे व्यवस्थापन ठरवील."

"म्हंजे?" आकाराम म्हणाले.

"म्हंजे वाढीचा हक्क न्हाई. आढावा म्हंजे वाढ न्हवं, आकाराम. कबूल केलाय तो आढावा. वाढ मालकाच्या मर्जीवर ठेवलीया."

"पर पहिल्या वर्षी तिला वाढ मिळालीया की. तवा जुनं मॅनेजर हुतं."

"एकदा मिळाली म्हणून दरवर्षीचा हक्क हुत न्हाई. युनियनशी करार असता, पगाराची ठरलेली श्रेणी असती, तर गोष्ट वेगळी. ठरलेला हक्क असंल तर लेबर कोर्ट आकडा काढून देतं. हक्कच ठरलेला न्हाई, तर कोर्ट आकडा कशाचा काढणार?"

आकारामांना हायसं वाटलं. चहा आला, तो त्यांनी बशीत ओतला. तेवढ्यात तात्यासोंनी फाईलची पानं पुढं-मागं केली आणि विचारलं, "आढाव्याचं कागद कुठं हाईत?"

"कसलं कागद?"

"तीन वर्षांचं आढावं. तू तिच्यासमोर बसून भरलेलं, तिची सही असलेलं."

आकारामांनी बशी खाली ठेवली. बाकी सगळ्यांचे कागद त्यांनी दरवर्षी भरले होते. मोल्डिंगवाल्यांचे, स्टोअरवाल्याचे, गेटवरच्या पिराजीचासुद्धा. कागद ऑफिसात गेला की मालक बघायचे आणि वाढ ठरवायचे. कागदच गेला नाही, तर मालकापुढं नावच जायचं नाही. क्रांतीचा कागद दर एप्रिलला ते हातात घ्यायचे आणि हसून बाजूला ठेवायचे. तिलाही तोंडावर म्हणायचे, 'तुझा कसला आढावा घ्यायचा, तू तर घरचीच.' ती हसायची. तिला वाटायचं, मामांनी कागद परस्पर भरला असणार आणि मालकांनीच नाही म्हटलं असणार.

"बाकी समद्यांचं कागद भरलं, गेटवरच्या पिराजीलाबी वाढ मिळाली. पर घरच्या पोरीचा आढावा कुणी घेतंय व्हय?" आकाराम पुटपुटले.

तात्यासोंनी फाईल मिटली. मग हळू आवाजात म्हणाले, "परक्या पिराजीला वाढ मिळाली आणि घरच्या पोरीला न्हाई. बघ बाबा. वाढ मागायचा तिला हक्क न्हाई, पर आढावा मागायचा हाय. त्यो तुम्ही कबूल केलाय आणि मोडलाय. कोर्ट मालकाच्या जागी बसून वाढ ठरवणार न्हाई, पर कबूल केलेला आढावा का घेतला न्हाई, ह्याचा जाब मागू शकतं. आणि घ्यायचा तर प्रामाणिकपणं घ्यायचा. आधीच उत्तर ठरवून कागद भरलास, तर त्यो आढावा न्हवं."

आकाराम फाईल मांडीवर घेऊन रिक्षानं शिरोलीला परतले. रिक्षावाल्यानं 'पावणं, उतरा की' म्हटलं, तेव्हा ते भानावर आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्रांतीला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, दार लावलं, आढाव्याचा कोरा कागद समोर ठेवला आणि आधीच सांगून टाकलं. "वाढ हा तुझा हक्क न्हाई. वकिलांनी पत्र वाचलंय. पर आढावा हा हक्क हाय, आणि त्यो मीच घेतला न्हाई. मालकांनी तुला कधी न्हाई म्हटलंच न्हाई. तुझं नाव त्यांच्यापुढं गेलंच न्हाई, माझ्यामुळं."

क्रांतीनं कागद स्वतःकडं ओढून त्यातले रकाने बघितले. रडली नाही, रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं आकारामांना वाटलं. कागद परत सरकवून ती म्हणाली, "लिहा, साहेब."

मग ते विचारू लागले, ती सांगू लागली. आणि काय सांगू, तीन वर्षं एका छपराखाली राहून ह्या माणसाला निम्मंसुद्धा माहीत नव्हतं. शंभरातली अकरा कास्टिंग, म्हणजे ओतीव कामं, नापास व्हायची, ती चारवर आली होती. का, तर साच्याच्या वाळूतली ओल ती दर दोन तासांनी स्वतः बघत होती. ते कुणी तिला सांगितलेलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा परत आलेला माल कशानं बिघडला, हे तिनं शोधून काढलं होतं आणि श्रेय भट्टीवरच्या मेल्टिंगवाल्यांना गेलं होतं. आकारामांनीच दिलं होतं ते. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबायचा. लाज वाटत होती, आणि अभिमानही. दोन्ही एकदम वाटलं की डोळ्यांत पाणी येतंच.

शेवटचा रकाना होता, 'कर्मचाऱ्याचं म्हणणं'.

"लिहा," क्रांती म्हणाली. "मला घरची म्हणू नका. कामाची म्हणा."

त्यांनी शब्दन्‌शब्द लिहिला. तिनं सही केली, त्यांनीही केली. त्याच दिवशी ते स्वतः अमरसिंहांकडं कागद घेऊन गेले. चूक कुणाची, तेही न लपवता सांगितलं आणि निमूट बोलणी खाल्ली. मालकांनी कागद दोनदा वाचला आणि ह्या वर्षाची वाढ मंजूर केली. चांगली होती, पण चाकणएवढी नव्हती. मागच्या वर्षांचं मात्र त्यांनी काही दिलं नाही. ती त्यांची मर्जी होती, आणि पत्रात तेच लिहिलं होतं.

मंजुरीचं पत्र आकारामांनी लॅबमध्ये जाऊन तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं आणि दुसऱ्या हातात चाकणचं पत्र घेऊन उभी राहिली. सुट्टीचा भोंगा वाजून गेला होता, माणसं हातपाय धूत होती.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं.

'राहा' हा शब्द आकारामांच्या जिभेवर आला होता. आख्खा दिवस ते तोच घोकत होते.

"मॅनेजर म्हणून इचारतीस, तर राहा," ते म्हणाले. "तुझ्यावाचून ह्या लॅबचं अवघड हाय. तसं कागदावरबी लिवलंय मी."

"आणि मामा म्हणून विचारलं तर?"

आकारामांनी खिशातून रुमाल काढला. तोंड पुसलं.

"तर जा, बाळा," ते म्हणाले. "तिथं तुला कुणी घरची म्हणणार न्हाई."