चारच्या जागी पाच

आमच्या गॅरेजमध्ये बावीस डिलिव्हरी व्हॅन होत्या आणि त्यांच्या सामानाच्या कोठीवर मी होतो. मी सतत पुस्तकात डोकं खुपसून बसे म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. माझ्या चिठ्ठीशिवाय कोठीतून नटही बाहेर जात नसे, आणि चिठ्ठीवर मी एकदा ‘चालेल’ लिहिलं की कोणी पुन्हा विचारत नसे. माझ्यासारख्या भिडस्त माणसाचा तेवढाच काय तो रुबाब.

गिअरबॉक्ससाठी चार नंबर वर्गाचं तेल असे आणि मागच्या ॲक्सलसाठी पाच नंबरचं. गेल्या वर्षी चारचा ड्रम संपला. मिस्त्री दारात येऊन म्हणाला, “मास्तर, दोन व्हॅन उघड्या पडल्यात. पाच ओतू का?”

मी विचार केला, पाच म्हणजे चारपेक्षा वरचं. जास्त ताकदीचं तेल काय वाईट करणार? आणि मी ‘चालेल’ लिहून दिलं. तेलांची माहिती देणारं पुस्तक माझ्यामागच्या फळीवरच होतं.

वर्षभराने त्यातली एक व्हॅन दुसरा गिअर टाकताना करकरायला लागली. ती व्हॅन ताई चालवायच्या. गॅरेजमध्ये बाई ड्रायव्हर त्या एकट्याच. मिस्त्रीने गिअरबॉक्स खोलला. आतल्या पितळी रिंगा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. गिअर बदलताना ही रिंग शेजारच्या गिअरच्या शंकूला घासून पकडते, दोघांचा वेग जुळवते, मग गिअर आवाज न करता बसतो. पकडच गेली तर दात दातावर आपटतात.

“क्लच अर्धाच दाबला की असं होतं,” मिस्त्री म्हणाला.

“मी वीस वर्षं गाडी चालवतेय,” ताई म्हणाल्या. “क्लच कसा दाबायचा ते आता तुम्ही शिकवणार?”

मालक म्हणाले, “ताई, रिंगा काय उंदरांनी खाल्ल्या? शनिवारी किल्ली माझ्या टेबलावर ठेवा.”

घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि कमावणाऱ्या त्या एकट्याच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी ट्रेमधलं जुनं तेल बोटावर घेतलं. त्यात सोनेरी चकचकीत भुगा होता. मी लोहचुंबक फिरवलं. एक कणही चिकटला नाही. म्हणजे पोलाद नव्हे, पितळ. मग मी फळीवरचं पुस्तक काढलं. पाच नंबरात गंधक-फॉस्फरसचं औषध चारच्या जवळपास दुप्पट. ॲक्सलमधल्या घसटत फिरणाऱ्या पोलादी दातांना प्रचंड दाब सोसायचा असतो, म्हणून त्यांच्यावर ते थर धरतं आणि आपण झिजून दात वाचवतं. पितळावर मात्र तो थर पितळाहून घट्ट बसतो, आणि निघताना पितळाचा पापुद्रा घेऊन निघतो. तेल तापलं की गंधक पितळातल्या तांब्याला खातं ते वेगळंच. सगळीच पाच नंबरची तेलं इतकी वाईट नसतात, असंही लिहिलं होतं. आमचं तेल तसं नसेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि पुस्तक परत ठेवलं.

तो सोमवार होता. मंगळवारी ताईंनी चहाच्या टपरीवर माझ्यासाठी खुर्ची सरकवली. बुधवारी मी चिठ्ठ्यांचं पुडकं चाळलं आणि ‘चालेल’ वाचून पुन्हा बांधलं. गुरुवारी, शुक्रवारी तोंडात मिठाची गुळणी धरली.

शनिवारी ताई किल्ली घेऊन मालकांच्या खोलीकडे निघाल्या. माझे पाय आपोआप त्यांच्यामागे गेले.

“तेल माझ्यामुळे चुकलं,” मी मालकांना म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

मालक हसले. “मास्तर, बाईला वाचवायला भलतेच शूर झालात की!”

“दुसऱ्या व्हॅनमध्येही तेच तेल आहे. तुमचे मेहुणे चालवतात ती. तिच्या गिअरबॉक्सचं बूच काढा.”

बूच काढलं. ट्रेमध्ये तेल पडलं, आणि उन्हात सोनेरी भुगा चमकला. मिस्त्रीने स्वतः लोहचुंबक लावून पाहिलं आणि मान खाली घातली. मेहुणे पुटपुटले, “दुसरा गिअर जरा कडक येत होता, मी कशाला बोलू म्हटलं.”

मालकांनी किल्ली ताईंच्या हातात परत दिली. मला म्हणाले, “सोमवारपासून चिठ्ठ्या मिस्त्री लिहील.” मी मान डोलावली. शिक्षा हलकीच होती.

ताई मागोमाग कोठीपर्यंत आल्या. मला वाटलं, आभार मानतील. माणूस किती निर्लज्ज असतो!

“मास्तर, तुम्हाला कधी कळलं?”

“सोमवारी.”

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. “मंगळवारी आपण एकत्र चहा घेतला,” त्या म्हणाल्या, आणि व्हॅनकडे गेल्या.