तीन नंबरची गाडी

प्रस्ताव दोन पानांचा होता आणि एक वाक्य सोडलं तर सगळा खरा होता.

कारखान्याच्या पाच भाड्याच्या गाड्या संध्याकाळी माणसांना घरी सोडायच्या आणि जवळजवळ निम्म्या रिकाम्याच धावायच्या. प्रशासनात नव्याने लागलेली, दोन वर्षांच्या मुलीची आई असलेली ती, महिनाभर फाटकाशी उभी राहून डोकी मोजत होती. दोन गाड्यांची एक केली तर एकीचं बांधलेलं भाडं वाचतं. वळशाचं डिझेल वजा केलं तरी महिन्याला चाळीस हजार हातात राहतात. कष्ट काय, तर नवं वेळापत्रक करायचं, थांब्यांवर सूचना लावायची आणि रिकामी गाडी एकदा फिरवून वेळ बघायची. आधी तीन आठवडे एकाच जोडीवर चाचणी, मग पुढचं पुढे.

साहेब खूश झाले. हिशेबाच्या मॅडमनी, ज्यांना माघारी सगळे 'कात्री' म्हणत, चष्मा नाकावर ओढला.

"सगळ्यात रिकाम्या तीन आणि चार. मग चाचणी एक आणि पाचवर का?"

हे उत्तर तिने घरी भांडी घासता घासता पाठ केलं होतं. "एक-पाचचे रस्ते लगतचे आहेत, मॅडम. वळसा कमी पडेल."

हेच ते वाक्य. वळसा कमी पडत होता, पण जेमतेम दीड किलोमीटरने. खरं म्हणजे तीन नंबरने ती स्वतः जायची, आणि ती गाडी वीस मिनिटं लांबली की पाळणाघर बंद व्हायची वेळ टळून जायची.

"दोन्ही मिळून एक्केचाळीस माणसं, गाडीत बेचाळीस जागा. दाटीवाटीच आहे," कात्री म्हणाल्या.

"बसतायत ना? झालं तर मग." साहेबांनी सही केली. "पोरगी हुशार आहे हो. इतक्या वर्षांत आपल्या डोक्यात नाही आलं."

तिने मान खाली घालून कागद गोळा केले. बघणाऱ्याला वाटलं, लाजली.

चाचणी सुरू झाली. तीन नंबरची गाडी वेळेवर येत होती, तीही वेळेवर पोचत होती. पाळणाघराच्या पायरीवर मात्र रोज गुंड्या बसलेला असायचा. बूट चढवलेले, पाठीला दप्तर, आणि दार वाजलं की चेहरा उजळून पुन्हा विझायचा. त्याची आई पॅकिंगमध्ये होती. ती एक नंबरने यायची. हे प्रस्ताव लिहितानाही तिला माहीत होतं. फक्त तिने तिकडे बघितलं नव्हतं.

एका संध्याकाळी मुलीची चप्पल सापडेना म्हणून ती रेंगाळली, तेवढ्यात गुंड्याची आई धापा टाकत आली.

"काकू, गाडीच उशिरा हो..."

"रोजचंच झालंय तुझं," पाळणाघराच्या काकू किल्ली हातात घेऊनच उभ्या होत्या. "मलाही घरदार आहे. असंच चालायचं असेल तर दुसरीकडे बघ बाई."

गुंड्याच्या आईने पोराला कडेवर घेतलं आणि कसनुसं हसत तिच्याकडे वळली. "ताई, तुम्ही ऑफिसातल्या. कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे? त्याला म्हणावं, एक दिवस येऊन बस माझ्या पोराशेजारी."

"विचारून बघते हं," ती म्हणाली.

घरी जाताना मुलगी काहीबाही बडबडत होती. तिला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. विचारून बघते म्हणे. कोणाला?

तीन आठवडे संपले, बैठक झाली. "एक तक्रार नाही," साहेब म्हणाले. "कायम करून टाकू."

"साहेब, तक्रार कुठे करायची हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं." ती म्हणाली. "आणि कष्टांत फक्त आपले धरले. गाडीतल्या माणसांचा वेळ धरलाच नाही. कायम करण्याआधी तीन-चारवर बघू या. तिथे माणसं कमी, खोळंबाही कमी जणांचा. बचत जवळपास तेवढीच."

"मी तेव्हा हेच म्हटलं होतं," कात्री म्हणाल्या. "तेव्हा रस्ते लगतचे होते. आता काय, हलले?"

"नाही मॅडम. तीन नंबरने मी जाते."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि पेनचं टोपण काढलं. "बरं. सोमवारपासून तीन-चार. एक-पाच पूर्ववत." हुशार वगैरे काही म्हणाले नाहीत.

सोमवारी ती थांब्यापासून पळतच निघाली. कोपऱ्यावर गुंड्या आईचं बोट धरून, उड्या मारत येताना भेटला.

"ताई, तुम्ही विचारलंत वाटतं," त्याची आई म्हणाली. "बरं झालं बाई. आमच्यासाठी कोण बोलतं नाहीतर."

तिला खरं सांगायचं होतं. तोंड उघडलंही. मग "उशीर झालाय," एवढंच पुटपुटून ती पुढे गेली.

पाळणाघराच्या पायरीवर तिची मुलगी बसली होती, चपला घालून. दारात काकू उभ्या होत्या, किल्ली हातात. त्यांनी काही म्हणायच्या आधीच तिची मान खाली गेली.