ड्युरियनच्या आडचा वास

पिनांगमधल्या त्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने घ्यायचा म्हणून बघायला पाऊल टाकलं आणि नाकच दाबलं. टेबलावर ड्युरियन, ते काटेरी, उग्र वासाचं फळ, फोडून ठेवलं होतं.

"सीझन आहे ना पोरी, फळाचा वास," घरमालक खू अंकल हसले. "सहा महिने घर बंद होतं. नळाची धार बघ कशी आहे!"

धार होती. पण नुसत्या धारेवर भाळणारी मी नव्हे. ड्युरियन उचलून व्हरांड्यात ठेवलं, दार लावलं. घाण वास तसाच. मग पाणी नीट वाहून जातं का बघायला स्वयंपाकघरातलं सिंक बूच लावून काठोकाठ भरलं आणि बूच खस्सकन ओढलं.

न्हाणीघरातून गुडगुड ऐकू आली. धावले. फरशीतल्या जाळीतून काळं, तेलकट पाणी वर येत होतं आणि त्यावर नूडल्स तरंगत होत्या, हिरव्यागार कांद्याच्या पातीसकट.

"सहा महिने बंद घरात हे कोण जेवलं, अंकल?"

"वरच्यांचं गं ते. खालचा पाइप जरा तुंबतो."

"म्हणजे जेवायचं त्यांनी आणि उष्टं माझ्या पायाशी? शी!"

चपला झटकत बाहेर पडले. जाताना ड्युरियन तेवढं उचललं. त्या घरातली सुवासिक वस्तू तेवढी एकच होती.