कपिलीचा पैरा

कपिली गाभण होती आणि पैरा थोडा होता. आजूबाजूचे लोक हार्वेस्टरने धान कापत आणि मागे राहिलेला भाताचा पेंढा, म्हणजे पैरा, पेटवून देत. प्रेमलाबाईंनी हाताने कापून रचलेल्या गंजीवर दोन दावेदार होते, गोठ्यातली गाय आणि मळ्यातली वांगी.

"वांग्यांच्या बुडाशी पैरा घालीन म्हणते," त्या म्हणाल्या. "जमीन थंड राहील."

"आन् कपिली काय मले खाईल?" अनंतराव म्हणाले. रेल्वेच्या भांडारातून निवृत्त झालेला त्यांचा नवरा सुतळीचा तुकडाही फेकत नसे. "वांग्याले प्लास्टिक, गाईले पैरा. हिशेब बराबर."

गोल बाजारातून त्यांनी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात पातळ शीट आणली. एका बाजूने चंदेरी, दुसरीने काळी. ठिबकच्या नळ्या खाली घालून त्यांनी ती स्वतः अंथरली, काळी बाजू वर.

"चमकती बाजू वर पाहिजे होती ना हो?"

"चमक रोपाच्या मुळाले दिसली पाहिजे," ते गंभीरपणे म्हणाले. मुळांनी काही कळवलं नाही.

फाल्गुनात सारं झकास होतं. तण नाही, पाणी कमी. चैत्रात वरची काळी शीट तव्यासारखी तापली. रोपांसाठी पाडलेल्या भोकांच्या कडेला टेकलेल्या खोडांच्या माना भाजल्या, रोपं माना टाकू लागली. अनंतरावांनी चूक कबूल केली नाही, फक्त मुकाट्याने कपिलीच्या गंजीतला अर्धा पैरा आणून शीटवर पसरला. खाली सावली झाली आणि उरलेली वांगी तगली.

ज्येष्ठात वांगी संपली. उन्हाने खाल्लेली शीट उचलताना हातात चिंध्याच आल्या. मोठ्या त्यांनी गुंडाळल्या. बारीक पैऱ्यात गुंतून राहिल्या.

"हा पैरा खताच्या खड्ड्यात टाका," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"काहून? चांगला तर आहे. झटकून देतो." झटकला आणि गोठ्यात टाकला. कपिलीने खाल्ला. रोज थोडा.

मग तिचं रवंथ थांबलं. डावी कूस फुगली. ढोरांचे डॉक्टर आले, त्यांनी कान गार लागतात म्हणून सांगितलं आणि पोट चिरावं लागेल म्हणाले. चिरायची वेळ कपिलीने येऊ दिली नाही. पोटातलं वासरूही तिच्याबरोबरच गेलं. नंतर डॉक्टरांनी तिच्या पोटातून वळकटी काढली. चिंध्या पिळवटून दोरखंड झाला होता. एका बाजूने काळा, दुसरीने अजूनही चमकत होता.

"चमक," प्रेमलाबाई म्हणाल्या. "पोहोचली."

अनंतराव खड्डा खणत राहिले. संध्याकाळी ते परतले तेव्हा त्या गोठ्यात उरलेला पैरा घेऊन बसल्या होत्या आणि एकेक काडी उलगडून चिंध्या वेचत होत्या.

"आता कोणाले घालून राहिली?"

"पुढच्या वांग्याले," त्या मान वर न करता म्हणाल्या. "दोघांपैकी एकालेच पुरत होता ना? आता पुरते."

ते शेजारी बसले आणि वेचू लागले.