गंगव्वाची हलती मान

नवरीची आई म्हणजे न बोलावता प्रत्येक फोटोत घुसणारी बाई, असा माझा अनुभव. बेळगावहून निपाणीपर्यंत लग्नांचे फोटो काढत फिरते, त्यामुळे अनुभव भरपूर आहे. पण पारमिताच्या लग्नात उलटंच झालं. वंदना झाली, पंचशील झालं, हार घालून झाले आणि माझ्या कॅमेऱ्यातल्या कार्डावर नवरीच्या आईचा एकही फोटो नव्हता.

शेवटी गंगव्वा सापडली हॉलच्या भटारखान्यात, काकड्या चिरणाऱ्या बायकांत. नवी पांढरी साडी नेसून कोपऱ्यात बसली होती. मान सारखी हलत होती, डावीकडून उजवीकडे, कुणाला तरी हळूहळू ‘नको, नको’ म्हणावं तशी.

“मावशी, आता घरच्यांचा फोटो आहे. चला.”

“मला नगं. तुमी काढा जावा.”

तिला शोधत पारमिता माझ्या मागोमाग आली होती. तिनं मोबाईलवर मला एक फोटो दाखवला, भाऊ प्रज्ञेशच्या लग्नातला. सगळं घर त्यात स्वच्छ दिसत होतं. फक्त गंगव्वाच्या चेहऱ्यावरून कुणीतरी ओलं बोट फिरवल्यासारखं झालं होतं. डोळे कुठले, नाक कुठलं, काही कळत नव्हतं.

“विहिणीनं अल्बम बघितला आन म्हटली, आमची विहीण बिनतोंडाची,” पारमिता म्हणाली. “तवापासनं आई फोटोला उभीच ऱ्हात न्हाय. पण ताई, माझ्या लग्नात आई न्हाय असा फोटो मला नको.”

“म्या हालतीया, त्याला कोण काय करनार?” गंगव्वा म्हणाली. “गप ऱ्हायचं म्हटलं की जास्तच हालती बघ मान.”

मला रागच आला. फोटोग्राफरनं हॉलच्या उजेडात शटर सावकाश ठेवलं असणार, कॅमेरा स्टँडवर चढवला असणार आणि निवांत झाला असणार. स्टँडमुळं कॅमेरा हलायचा थांबतो, समोरचं माणूस नाही. लेन्समधलं ते थरथर थांबवणारं बटणसुद्धा आपल्या हातापुरतं. समोरचं माणूस हलत असेल तर शटरच भराभर मिटायला हवं. हे त्या शहाण्याला माहीत नव्हतं आणि बोल लागला बाईला.

“मावशी, दोष तुमचा न्हाय. इथं उभ्या ऱ्हावा, दाखवते,” मी म्हणाले. मी काही कुणाची आर्जवं करत बसत नाही. लेन्सचं तोंड पूर्ण उघडलं, एक पॉइंट आठवर; हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं. उजेड भरपूर आत येऊ लागला तसं शटर तीनशे वीसवर नेता आलं, म्हणजे सेकंदाच्या तीनशे विसाव्या भागात काम तमाम. फोकस गंगव्वाच्या डोळ्यावर धरला. तेवढ्यात पारमिता आईच्या मागून पाऊलभर अंतरावर डोकावली आणि हसली. मी बटण दाबलं.

गंगव्वाचा चेहरा स्क्रीनवर स्वच्छ आला. पापण्यासुद्धा मोजाव्यात. मी फुशारून कॅमेरा तिच्यापुढं धरला. तिनं बघितलं, पण आपल्याकडं नाही.

“ही पारू व्हय गं? पुसलीया की!”

खरंच पुसली होती. लेन्सचं तोंड एवढं उघडलं की फोकस जिथं धरला तेवढंच टिपटॉप येतं, पुढचं-मागचं विरघळतं. दोघी शेजारी-शेजारी असत्या तर भागलं असतं.

“मी नीट आले आन पोर गेली,” गंगव्वा म्हणाली. “लगीन तिचं हाय का माझं? जा बाई, माझ्याबिगार काढ.” आणि परत काकड्यांकडं वळली.

चूक माझी होती आणि घाई नडली होती. मी हॉलमध्ये आले. आमची व्हिडिओची बाजू सांभाळणारा नागेंद्र स्टेजपुढं उभा होता. मी त्याला म्हटलं, तीन रांगा सगळ्या स्वच्छ हव्यात आणि शटरही जलद हवं.

“कसं जमंल?” तो म्हणाला. “तीन रांगांना तोंड आठपर्यंत मिटावं लागंल. इथल्या उजेडात शटर पंधरावर येतंय. आयएसओ वाढवून उजेड ओढला तरी साठच्या वर जात न्हाय, आन फोटोत दाणे दाणे दिसतील ते निराळंच.”

“फ्लॅश?”

“मागं बुद्धांची आन बाबासाहेबांची तसबीर हाय, काचेत फ्लॅशचा गोळा दिसंल. आन मावशी फ्लॅशला दचकत्यात. सकाळी बघितलंय मी.”

त्याचं सगळं बरोबर होतं, म्हणून आणखी राग आला. लेन्सचं तोंड मिटलं की उजेड कमी, उजेड कमी की शटर सावकाश, शटर सावकाश की गंगव्वा पुसली. उरला एकच उपाय. उजेड जिथं आहे तिथं माणसं न्यायची.

हॉलच्या मागच्या बाजूला, भटारखान्यापलीकडं, पायऱ्या होत्या. तिथं इमारतीची सावली होती, पण वर मोकळं आभाळ. मी कॅमेरा लावून बघितला. तोंड आठ, आयएसओ आठशे, शटर पाचशे. जमलं!

आता वऱ्हाड उठवायचं. पंगत मांडली होती, बासुंदीचा वास सुटला होता. मी सगळ्यांना मागं चला म्हटलं, तर नवरीचे वडील सत्याप्पा आडवे आले.

“एका मानेपायी अख्खं वऱ्हाड भाईर? ती न्हाई तर न्हाई. तिलाच नगं हाय.”

मी तोंड उघडायच्या आत पारमिता स्टेजवरून उतरली. एका हातात साडीचा घोळ, दुसऱ्या हातात खुर्ची. “आप्पा, आई येत नसंल तर मी बी फोटोत न्हाय,” एवढंच म्हणाली आणि भटारखान्याकडं चालू लागली. नवरी खुर्ची उचलून चालली म्हटल्यावर बसून कोण राहणार? वऱ्हाड कुरकुरत मागच्या पायऱ्यांवर आलं. गंगव्वा लेकीच्या हाताला धरून सगळ्यांत शेवटी आली.

मी तीन पायऱ्यांवर तीन रांगा केल्या, एकमेकींना अगदी चिकटून, म्हणजे पुढचा-मागचा फरक कमी राहतो. गंगव्वाला मधल्या रांगेत घेतलं, खुर्चीवर बसलेल्या लेकीच्या बरोबर मागं. कॅमेरा स्वतःच चेहरे शोधून नवरीकडं धावत होता, ते बंद केलं आणि फोकसचा एकच ठिपका गंगव्वाच्या डोळ्यावर ठेवला. मधल्या रांगेवर फोकस, म्हणजे पुढची आणि मागची दोन्ही सावरतात.

“गंगे, आता तरी गप उभी ऱ्हा,” सत्याप्पा कुजबुजले.

“अण्णा!” मी ओरडलेच. “त्यांना कुणी काय सांगायचं न्हाय. मावशी, हालू दे मान. खुशाल हालू दे.”

गंगव्वानं खांदे सोडले. मान हलत होती. मी बटण दाबून धरलं आणि एका दमात दहा-बारा काढले.

मग फोटो मोठा करून आधी तिला पारमिताचा चेहरा दाखवला. स्वच्छ. मग मागच्या रांगेतला प्रज्ञेश. स्वच्छ. मग तिचा स्वतःचा. ती कॅमेऱ्यावर वाकली.

“ही मी? आन मान हालत न्हवती व्हय?”

“हालत होती की. मी तेवढ्यात उरकलं.”

तिनं पदर डोळ्याला लावला. मग सत्याप्पांकडं वळून म्हणाली, “बघा. इतकी वर्सं मला गप ऱ्हा म्हनत होता.”

सत्याप्पांनी स्क्रीनमध्ये डोकावून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना आपली चूक दिसली होती. एकूण एक फोटोत सगळं घर माझ्याकडं बघत होतं आणि ते एकटे, मान वळवून, घाबऱ्या डोळ्यांनी बायकोच्या मानेकडं बघत होते. तेही अगदी स्वच्छ आलं होतं.

“माझा बिघडला,” ते म्हणाले. “परत काढा.”

मी कॅमेरा उचलला. गंगव्वानं माझा हात धरून खाली केला.

“नगं,” ती म्हणाली. “ह्योच ऱ्हाऊ दे.”